फोटो बघून एलव्हीची स्पीडी खरी का खोटी ओळखायची कशी, सेकंडहँड बॅग पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात लुई व्हिटॉनचं दुकान नाही, मुंबई गाठावी लागते, त्यामुळं आपल्याकडं ज्यांना ही बॅग हवी असते ते बहुतेक सेकंडहँड बघतात आणि तीपण व्हॉट्सअपवर आलेल्या चार-पाच फोटोंवरून. माझ्याकडं मैत्रिणी, नात्यातल्या बायका असे फोटो पाठवतात, "बघ गं जरा, खरी वाटती का?" म्हणून. दरवेळी तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

सगळ्या ब्रँडच्या सगळ्या बॅगांबद्दल एका लेखात सांगणं शक्य नाही, म्हणून एकच मॉडेल घेते: मोनोग्राम कॅनव्हासची स्पीडी ३०. तपकिरी अंगावर एलव्ही आणि फुलं, वर दोन गोल हँडल, चेन, छोटं कुलूप, तीच ती. सेकंडहँडमध्ये ही भरपूर फिरते आणि हिच्या फर्स्ट कॉपीपण तितक्याच फिरतात.

एक गोष्ट आधीच सांगते. फोटोवरून बॅग खोटी आहे हे बऱ्याचदा खात्रीनं सांगता येतं, पण खरी आहे हे खात्रीनं सांगता येत नाही. फोटोत काहीच चूक सापडली नाही तर त्याचा अर्थ एवढाच की आता प्रत्यक्ष बघायला हरकत नाही.

१. काय काय लागतं

तुमच्याकडं: मोठ्या स्क्रीनचा फोन किंवा लॅपटॉप, फोटोवर सरळ रेघ मारता येईल असं कुठलंही फोटो एडिटिंगचं ॲप, आणि कंपनीच्या वेबसाईटवरचे त्याच मॉडेलचे, त्याच साईजचे फोटो. साईज बघा हं, २५ ची बॅग ३० शी ताडून बघितली तर सगळंच चुकीचं दिसायला लागतंय.

विकणाऱ्याकडं: बॅग, दिवसाचा उजेड आणि दहा रुपयाचं नाणं. नाणं कशाला ते पुढं सांगते.

बिल असेल तर मागा, पण बिलावर विसंबून राहू नका, बिलंपण छापून मिळतात. आणि "ऑथेंटिसिटी कार्ड आहे मॅडम" असं कुणी अभिमानानं सांगितलं तर तिथंच सावध व्हा, कारण एलव्ही असलं कार्ड बॅगेबरोबर देतच नाही. क्रेडिट कार्डासारखं चकचकीत कार्ड फोटोत दिसलं की मला पुढचं फार बघावं लागत नाही.

२. फोटो कसे मागायचे

विकणारा आपणहून जे फोटो पाठवतो ते लांबून काढलेले, पिवळ्या लाईटमधले आणि बॅगेची चांगली बाजू दाखवणारे असतात. त्यातून काही कळत नाही. हे मागा:

- पुढची बाजू आणि मागची बाजू, कॅमेरा अगदी समोर धरून
- बॅगेचा तळ
- हँडलच्या चारही पट्ट्या, प्रत्येकीचा वेगळा जवळून फोटो
- कातड्यावरचा ठसा, शेजारी दहाचं नाणं ठेवून
- कुलूप पुढून-मागून, आणि किल्ल्या
- चेनचा पुलर
- आतला डेट कोड, म्हणजे कुठं आणि कधी बनली ते सांगणारी अक्षरं-आकडे
- बॅगेशेजारी कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून एक फोटो

शेवटचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा, कारण दुसऱ्याच कुणाच्या खऱ्या बॅगेचे फोटो ढापून आपली खोटी बॅग विकणारे लई आहेत. आलेले फोटो गूगलवर टाकून शोधूनपण बघा, तोच फोटो परदेशातल्या कुठल्यातरी साईटवर निघाला तर विषय संपला.

फोटो व्हॉट्सअपवर साधे पाठवू नका म्हणावं, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की फोटो दाबून छोटा होतो आणि टाक्यांच्या, अक्षरांच्या कडा फुटतात, मग जे बघायचं तेच दिसत नाही.

३. बॅगेच्या आधी फोटो तपासा

हा भाग बहुतेक लोक सोडतात आणि इथंच गंडतात. फोन जवळ नेऊन किंवा तिरका धरून फोटो काढला की गोल अक्षर अंड्यासारखं दिसतं, सरळ शिलाई वाकडी दिसते, आणि खरी बॅगसुद्धा खोटी वाटायला लागते.

म्हणून नाणं. दहाचं नाणं गोल असतं आणि २७ मिलिमीटर रुंद असतं, हे आपल्याला पक्कं माहीत आहे. ठशाच्या शेजारी, त्याच सपाटीवर ठेवलेलं नाणं फोटोत गोल दिसत असेल तर फोटो सरळ आहे, आता अक्षरांवर बोलता येईल. नाणंच लांबट दिसत असेल तर फोटो तिरका आहे, तो बाजूला ठेवा आणि परत काढायला सांगा. नाण्यावरून मापपण काढता येतं. स्क्रीनवर नाणं किती रुंद आणि टाका किती लांब हे मोजलं की साधं त्रैराशिक.

रंगावरून मात्र फोटोत काही ठरवू नका. दोरा जास्त पिवळा दिसतोय, कॅनव्हास लालसर दिसतोय, हे नव्वद टक्के वेळा बल्बचे आणि फोनचे प्रताप असतात.

४. कॅनव्हास आणि छपाई

मोनोग्राम स्पीडीचं अंग कातड्याचं नसतं. ते वर लेप दिलेलं सुती कॅनव्हास असतं, कातडं फक्त हँडल, पट्ट्या आणि कडांना. त्यामुळं "पूर्ण प्युअर लेदर आहे" असं विकणारा म्हणाला तर एकतर त्याला माहिती नाही किंवा त्याची बॅग वेगळीच आहे.

आता नवख्या माणसाला हमखास फसवणारी गोष्ट. क्लासिक स्पीडीचं पुढचं अंग, तळ आणि मागचं अंग हा कॅनव्हासचा एकच सलग तुकडा असतो, तळाखालून गुंडाळून वर आणलेला. साहजिकच पुढं एलव्ही सरळ असतील तर मागं उलटे येणार. उलटे एलव्ही बघून पुष्कळ जण "अगं ही डुप्लिकेट" म्हणून खरी बॅग सोडून देतात. उलट पुढं-मागं दोन्हीकडं एलव्ही सरळ आणि तळाला मधोमध शिवण, असं दिसलं तर ती क्लासिक स्पीडी नव्हे. तळाचा फोटो त्यासाठीच मागायचा.

नंतर पुढच्या फोटोवर दोन कामं करा. एलव्हीच्या एका ओळीखालून सरळ रेघ ओढा, ती चेनच्या शिवणीला समांतर जायला पाहिजे, एका टोकाला हळूहळू वर चढत असेल तर कापड वाकडं कापलंय. मग डावी-उजवी बाजू ताडून बघा. डाव्या कडेला फूल जिथं कापलं गेलंय, उजव्या कडेला त्याच उंचीवरचं फूल साधारण तेवढंच कापलेलं दिसायला हवं. एका बाजूला अर्धं आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण फूल दिसत असेल तर शंका घ्या. वापरलेली बॅग मऊ पडून बसते, पोटाला घड्या येतात, म्हणून हा फोटो आत टॉवेल भरून काढायला सांगायचा.

५. शिलाई

फोटोत सगळ्यात जास्त मी शिलाईवर थांबते. हँडल जिथं अंगाला जोडलंय त्या चार पट्ट्या बघा. क्लासिक स्पीडीवर पट्टीच्या वरच्या कडेला साधारण पाच टाके असतात. पण नुसता पाचचा आकडा पाठ करून जाऊ नका, कारण तो कॉपी करणाऱ्यांनाही माहीत आहे. चारही पट्ट्यांचे फोटो शेजारी-शेजारी लावा आणि एकमेकींशी ताडून बघा. टाके सगळीकडं तेवढेच आहेत का, कोपऱ्यावर वळताना टाका बरोबर कोपऱ्यात पडलाय का, आणि कडेपासून शिलाईचं अंतर चारहींवर सारखं आहे का? कॉपीमध्ये एक पट्टी झकास जमलेली असते आणि विकणारा तिचाच फोटो पाठवतो, दुसऱ्या पट्टीवर एक टाका जास्त किंवा कोपऱ्यावर दोन टाके एकमेकांवर चढलेले. चार फोटो मागायचं कारण हेच.

दोरा मोहरीसारखा पिवळा आणि जाडसर, मेण दिलेला असतो. टाके एका लांबीचे आणि घट्ट, कातड्यात किंचित रुतलेले. दोऱ्याला केस सुटलेले किंवा टोक वितळवून काळा ठिपका राहिलेला जवळच्या फोटोत दिसला तर शंका घ्या. आता यात एक अडचण अशी की जुन्या बॅगेची दुरुस्ती झालेली असू शकते, आपल्याकडं कुणी चप्पलवाल्याकडून हँडल शिवून आणलं तर तिथले टाके वेगळेच असणार. म्हणून एका जागी फरक दिसला तर विचारा, "इथं काम केलंय का?" सगळीकडंच टाके वेगवेगळे असतील तर ती दुरुस्ती नाही.

कातड्याबद्दल आपल्या गावच्या लोकांना वेगळं शिकवायला नको. स्पीडीचं हँडलचं कातडं वनस्पतींच्या सालीनं कमावलेलं, वर रंग न दिलेलं असतं. नवी कोल्हापुरी जशी फिकी असते आणि पायाच्या घामानं, उन्हानं गडद होत जाते तसंच हे होतं, आधी फिकं मग मधासारखं मग तपकिरी. हात लागतो तिथं आधी गडद होणार, म्हणजे हँडलचा वरचा भाग जास्त आणि पट्ट्यांच्या शिवणीजवळ कमी. पंधरा वर्षांची बॅग म्हणून सांगतायत, कोपरे झिजलेत, पण हँडल पांढरंफेक आणि एकसारखं, तर एकतर कातडं बदललंय किंवा ते कातडं या जातीचं नाही.

६. ठशातली अक्षरं आणि त्यांच्यातलं अंतर

कातड्यावर गरम ठशानं कंपनीचं नाव उठवलेलं असतं, खाली पॅरिस आणि 'मेड इन' अमुक देश. नाण्याची परीक्षा पास झालेला फोटोच यासाठी घ्या. तीन गोष्टी पुरतात.

ओ हे अक्षर जवळजवळ पूर्ण गोल असतं, कंपासनं काढल्यासारखं. एलचा खालचा पाय आखूड असतो. आणि व्हिटॉनमधले दोन टी एकमेकांच्या इतके जवळ असतात की चिकटल्यासारखे वाटतात. कॉपीमध्ये सगळी अक्षरं कॉम्प्युटरच्या साध्या फॉन्टसारखी सारख्या अंतरावर बसवलेली दिसतात, टीटीमध्ये मोकळी जागा, ओ उभट, एलचा पाय लांब.

ठशाची खोलीपण बघा. रेषा बारीक, कडा स्वच्छ, सगळीकडं दाब सारखा पाहिजे. फार खोल गेलेला, आजूबाजूचं कातडं फुगलेलं, अक्षरं जाड झालेली असतील तर ठसा जास्त तापवून दाबलाय. पण जुन्या बॅगेत ठसा घासून पुसट झालेला चालतो. पुसट होणं वेगळं आणि अक्षराचा आकार चुकणं वेगळं.

७. कुलूप, किल्ली, पुलर

धातूवरचं कोरीव काम फोटोत बघताना उजेड बाजूनं यायला पाहिजे, समोरून फ्लॅश मारला की सगळं पांढरं होतंय. खिडकीशेजारी बॅग ठेवून काढायला सांगा, म्हणजे अक्षरांच्या खाचेत सावली पडते आणि खोली दिसते.

कुलूप पितळी असतं, त्यावर कंपनीचं नाव आणि खाली तीन आकडी नंबर कोरलेला असतो, आणि किल्लीवर तोच नंबर असतो. किल्लीवर नंबरच नाही किंवा वेगळा आहे, असं असेल तर विचारा. इथंपण अक्षरांचे तेच नियम लावा, गोल ओ आणि जवळजवळचे टी. खाचेच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. कॉपीत आधी हलक्या धातूवर अक्षरं पाडून नंतर वर सोनेरी मुलामा देतात, मग मुलामा खाचेत साचतो आणि अक्षरं आतून भरल्यासारखी, बोथट दिसतात. मुलामा उडालेला असेल तर आतून पांढरट-करडा धातू दिसतो, पितळ घासलं तर आतूनही पिवळंच राहणार.

सापळा असा की खरी कुलपं सुटी विकत मिळतात आणि खोट्या बॅगेला लावली जातात. म्हणून नुसतं कुलूप चोख आहे म्हणून बॅगेला पास करू नका. कुलपावरचा नंबर बॅगेचा नसतो, कुलपाचाच असतो.

८. डेट कोड वाचायचा कसा

लोकांना वाटतं हा बॅगेचा सिरीयल नंबर, गाडीच्या चासी नंबरसारखा. तसं नाही, तो फक्त कुठल्या कारखान्यात आणि कधी बनली ते सांगतो, एकच कोड अनेक बॅगांवर असू शकतो. स्पीडीत तो आतल्या खिशाजवळच्या कातड्याच्या छोट्या पट्टीवर शोधा.

१९९० पासूनच्या कोडमध्ये दोन अक्षरं आणि चार आकडे असतात. अक्षरं कारखान्याची. आकड्यांतला पहिला आणि तिसरा एकत्र वाचायचा, दुसरा आणि चौथा एकत्र वाचायचा. १९९० ते २००६ पर्यंत पहिली जोडी महिना सांगते आणि दुसरी वर्ष. २००७ पासून पहिली जोडी आठवडा आणि दुसरी वर्ष. उदाहरणार्थ:

```
VI1025  ->  1_2_ = 12,  _0_5 = 05  ->  डिसेंबर २००५
CA2058  ->  2_5_ = 25,  _0_8 = 08  ->  २५ वा आठवडा, २००८
```

यात CA हा स्पेनचा कोड आहे. म्हणजे दुसऱ्या बॅगेच्या ठशात 'मेड इन स्पेन' असायला हवं, फ्रान्स लिहिलेलं असेल तर जुळत नाही. VI फ्रान्सचा. काही अक्षरं दोन देशांत वापरली गेलीत, म्हणून कारखान्यांच्या कोडची यादी नीट बघून मगच बोला.

मार्च २०२१ पासून कंपनीनं कोड बंद करून आत चिप बसवायला सुरुवात केली. कुणी म्हणालं गेल्या वर्षी शोरूममधून नवी घेतली आणि आत छापील कोड दाखवला, तर ते गणित बसत नाही. आणि जुन्या बॅगेतला कोड झिजून गेलेला असू शकतो, नुसता कोड नाही म्हणून खोटी म्हणू नका.

९. एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत

माझ्या मावसबहिणीला, ती इचलकरंजीत असते, अशीच एक स्पीडी ३० आली होती. बाहेरगावची बाई, ३८ हजार सांगत होती, "भावानं २०१० मध्ये फ्रान्सहून आणलेली." पहिले चार फोटो झकास होते. मी बहिणीला म्हटलं, "तू काही बोलू नकोस, फक्त यादी पाठव."

दोन दिवसांनी फोटो आले. तारखेचा कागद होता, म्हणजे बॅग तिच्याकडं होती एवढं नक्की. मागच्या बाजूला एलव्ही उलटे, तळाला शिवण नाही, इथपर्यंत सगळं बरोबर. कुलपाचे फोटो स्वच्छ, अक्षरं नीट, पण किल्ल्या हरवल्या म्हणाली, हेही होऊ शकतं म्हणून मी सोडून दिलं.

मग पट्ट्या. तीन पट्ट्यांवर पाच टाके, चौथीवर सहा, आणि त्या सहाव्या टाक्यासाठी सगळे टाके थोडे आखूड झालेले. दुरुस्ती असेल असं धरून विचारलं, उत्तर आलं, "नाही नाही, एकदम ओरिजिनल आहे, हातपण लावला नाही." ठशाच्या फोटोत नाणं व्यवस्थित गोल होतं, पण ओ उभे लांबट होते आणि दोन टीमध्ये अजून एक रेघ मावेल एवढी जागा. नाणं नसतं तर मी म्हटलं असतं फोटो तिरका आहे. नाण्यामुळं ती पळवाट बंद झाली.

शेवटी कोड, SP5170. SP फ्रान्स, ठसापण फ्रान्स. दुसरा आणि चौथा आकडा १० म्हणजे २०१०, बाईची गोष्टही बरोबर जुळली. पण पहिला आणि तिसरा ५७. वर्षात सत्तावन्नावा आठवडा कुठून आणायचा? कोड पाडणाऱ्यानं वर्ष विचार करून घातलं होतं, आठवड्याचे आकडे मनाचे घातले होते.

बहिणीनं "नको, राहू दे" एवढंच कळवलं. आपण काय काय पकडलं ते विकणाऱ्याला सांगायच्या भानगडीत पडू नका, पुढच्या वेळी तो तेवढे फोटो सोडून बाकीचे पाठवतो.

१०. फोटो पास झाले तर पुढं

ॲडव्हान्स, टोकन, "आजच पाठवा दुसरं गिऱ्हाईक आहे" यातलं काहीही मानू नका. भेटून, बॅग हातात घेऊन, दिवसाच्या उजेडात वरच्या सगळ्या पायऱ्या परत करा. वास घ्या, केमिकलचा उग्र वास सुटत असेल तर नको. पैसे द्यायच्या आधी व्हॉट्सअपवर एक ओळ लिहून घ्या की बॅग ओरिजिनल आहे आणि खोटी निघाली तर पूर्ण पैसे परत, आणि पैसे ऑनलाईनच द्या म्हणजे नोंद राहते. कंपनी कुणाचीही बॅग तपासून खरी-खोटी असा दाखला देत नाही, त्यामुळं "शोरूमला दाखवून या" या वाक्याला अर्थ नाही. पैसे देणारी तपासणी सेवा वापरली तर तिलाही हेच फोटो लागतात, तेव्हा यादीतले फोटो जपून ठेवा.

पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाका, जितका उशीर तितके पैसे अडवणं अवघड. चॅट डिलीट करू नका, विकणाऱ्याला ब्लॉकपण करू नका, आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. आणि खोटी निघालेली बॅग "मी पण कुणालातरी विकून पैसे काढते" असा विचार मनात आणू नका, ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ खाली खोट्या ब्रँडचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, त्यात एकच बॅग होती म्हणून सूट नाही.